घरातल्या सोन्याचा हिशेब : प्रस्तावना

भारतातील कुटुंबांकडे एकूण किती सोने आहे, या प्रश्नाला २०२५ साली दोन अगदी वेगळी उत्तरे प्रचारात होती. जागतिक सुवर्ण परिषदेच्या हिशेबाने हा साठा सुमारे २५,००० टन मानला जात होता, तर मॉर्गन स्टॅनली या वित्तसंस्थेने त्याच वर्षी तो सुमारे ३४,६०० टन असल्याचे म्हटले. या दोन आकड्यांमधला फरकच साडेनऊ हजार टनांच्या घरात जातो, आणि रिझर्व्ह बँकेजवळचे सारे सोने त्या सुमारास सुमारे ८८० टन होते हे लक्षात घेतले, तर देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या साठ्याच्या जवळजवळ अकरापट सोने केवळ हिशेबाची पद्धत बदलल्याने 'सापडते' किंवा 'हरवते' असे म्हणावे लागते. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हा फरक कोठून उत्पन्न होतो, तो कमी करता येतो का, आणि तो तसाच राहणार असेल तर धोरण आखणाऱ्यांनी या आकड्याचा वापर कोणत्या मर्यादेत करावा, हा आहे.

प्रथम हे स्पष्ट असले पाहिजे की घरांतील सोने आजवर कोणी मोजलेले नाही. माणसांची शिरगणती होते आणि जमिनीचा सातबारा असतो, पण कपाटातल्या पाटल्या, बँकेच्या लॉकरमधील हार किंवा गळ्यातले मंगळसूत्र यांची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात एकत्रितपणे होत नाही. म्हणून अभ्यासक उलट्या बाजूने जातात : देशात सोने कोठून आणि किती आले हे पाहून त्यातून बाहेर गेलेले आणि घरांखेरीज इतरत्र राहिलेले सोने वजा करतात, आणि जे उरते ते घरांत असले पाहिजे असे धरतात. या पद्धतीला साठा-संचयाची पद्धत म्हणता येईल. तिच्यात आरंभीचा साठा, त्यानंतरची अधिकृत आयात, चोरटी आयात आणि देशातल्या खाणींचे उत्पादन यांची बेरीज येते, आणि दागिन्यांची निर्यात, उद्योगधंद्यातील वापर, मध्यवर्ती बँकेचा व देवस्थानांचा साठा आणि झीज या गोष्टी वजा होतात. अशा वजाबाकीतून आलेल्या उत्तरात प्रत्येक घटकाची चूक साचत जाते, आणि ती दरवर्षी पुढच्या वर्षाच्या आरंभीच्या शिलकेत मिसळते.

आरंभीचा साठा हा यातील सर्वांत जुना वादाचा विषय आहे. भारतीय लोक सोनेचांदी गिळून बसतात, हा आरोप एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लेखक वारंवार करीत असत. त्याला दादाभाई नौरोजींनी दिलेले उत्तर हे एक प्रकारे या विषयातील पहिले गंभीर गणित होय. कित्येक दशकांत देशात आलेला मौल्यवान धातू नाणी पाडण्यासाठी लागणारा भाग वगळून लोकसंख्येत वाटला, तर माणशी पडणारा वाटा किती क्षुल्लक ठरतो, हे त्यांनी आकडे मांडून दाखवले होते. एकूण आकडा डोळे दिपवतो आणि दरडोई आकडा जमिनीवर आणतो, हा त्यातला धडा पुढच्या अभ्यासकांनी पुरेसा ध्यानात ठेवला नाही.

याशिवाय घरांतला साठा नेहमी वाढतच जातो, हेही गृहीत धरता येत नाही. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण, म्हणजे चलनाचे सोन्याशी असलेले निश्चित नाते, सोडले आणि रुपयातील सोन्याचा भाव चढू लागला. त्याच वेळी जागतिक मंदीमुळे शेतमालाचे भाव कोसळले होते, आणि सारा व सावकाराचे देणे मात्र तेवढेच राहिले होते. परिणामी खेड्यापाड्यांतून दागिने मोडीत निघाले आणि त्या दशकात हजार टनांच्या आसपास सोने देशाबाहेर गेले. जो अभ्यासक १९०० पासूनची आयात नुसती बेरजेत घेत जातो आणि ही ओहोटी विसरतो, त्याचा आरंभीचा साठा तेवढ्याने फुगतो.

स्वातंत्र्यानंतरच्या हिशेबासाठी बहुधा रिझर्व्ह बँकेचा १९५८ सालचा अंदाज पायाभूत धरला जातो. त्यानुसार खाजगी मालकीचे सोने सुमारे १०.५ कोटी औंस, म्हणजे अंदाजे ३,२७० टन होते. हा पाया कच्चा असला तरी निदान तो मांडलेला आहे, आणि त्याच्यापुढची तेहतीस वर्षे मात्र जवळपास काळोखात आहेत. या काळात सोन्याच्या आयातीला व्यवहारतः बंदी होती. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास मनाई केली, त्यांच्यामागे मोरारजी देसाईंचा आग्रह होता, आणि १९६८ च्या कायद्याने हे नियंत्रण १९९० पर्यंत टिकवले. कोलारच्या खाणींतून वर्षाला थोडेसेच टन सोने निघत असल्याने या काळात देशात जे सोने नव्याने आले ते मुख्यतः चोरवाटांनी आले : आखाती बंदरांतून निघालेल्या होड्या कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावर माल उतरवीत आणि तो मुंबईच्या झवेरी बाजारात पोहोचे. त्याची नोंद असणार कोठे?

ही अनिश्चितता किती महागात पडते, हे एका साध्या गणितातून दिसते. समजा १९५८ ते १९९१ या ३३ वर्षांत चोरटी आयात दरवर्षी सरासरी ५० टन होती असे एका अभ्यासकाने धरले, तर त्याच्या हिशेबात १,६५० टनांची भर पडते. दुसऱ्याने ती १५० टन धरली, तर भर ४,९५० टनांची होते. दोघांपैकी कोणाचेही गृहीतक वेडगळ नाही, पण दोघांच्या उत्तरांत ३,३०० टनांचा फरक पडतो, म्हणजे १९५८ सालचा संपूर्ण पायाभूत साठा जेवढा होता तेवढाच. पुढे १९९२ मध्ये परदेशातून परतणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोने आणण्याची मुभा मिळाली आणि १९९७ पासून नेमलेल्या बँकांना थेट आयात करता येऊ लागली, तेव्हा अधिकृत आकडे अर्थपूर्ण झाले. आजच्या साठ्याचा बहुतांश भाग याच काळात आलेला असल्याने अंदाजाची उजेडातली बाजू हीच आहे.

तरीही अधिकृत आकडे म्हणजे डोळे मिटून घ्यावेत असे आकडे नव्हेत. नोव्हेंबर २०२४ ची सोन्याची आयात प्रथम सुमारे १४.८ अब्ज डॉलर असल्याचे जाहीर झाले, महिन्याभरातील व्यापारतूट त्यामुळे विक्रमी ठरली, बाजारात रुपयाबद्दल चिंता व्यक्त झाली, आणि नंतर असे आढळले की आकडे गोळा करण्याच्या व्यवस्थेत बदल होत असताना काही माल दोनदा मोजला गेला होता. सुधारित आकडा सुमारे ९.८ अब्ज डॉलर निघाला. दुसरी अडचण शुद्धतेची आहे. आयात होणारे बिस्किट ९९५ किंवा ९९९ कसाचे असते, म्हणजे हजार भागांत तेवढे भाग शुद्ध सोने. पण खाणीवरून येणाऱ्या अर्धशुद्ध पाटांत, ज्यांना व्यापारात 'डोरे' म्हणतात, इतर धातू मिसळलेले असतात, आणि त्यांचे ढोबळ वजन शुद्ध सोने समजून बेरजेत घेतले तर साठा आपोआप वाढतो.

चोरटी आयात आजही शून्य झालेली नाही. मात्र ती मोजण्याचे काही बरे मार्ग आता उपलब्ध आहेत. स्वित्झर्लंडसारख्या देशाने २०१४ पासून सोन्याची निर्यात देशवार प्रसिद्ध करायला सुरुवात केली, त्यामुळे तिकडून भारताकडे निघालेले सोने आणि इकडे उतरलेले सोने यांची तुलना करता येते. याहूनही बोलका पुरावा भावात असतो. आंतरराष्ट्रीय भावात आयातशुल्क आणि वाहतूक मिळवली म्हणजे बंदरात उतरलेल्या सोन्याचा जो भाव होतो, त्याहून स्थानिक बाजारातला भाव सातत्याने कमी राहू लागला, तर शुल्क न भरलेले सोने बाजारात मुबलक येत आहे असे अनुमान काढता येते, कारण शुल्क भरलेला माल दीर्घकाळ तोट्यात विकणे कोणत्याही सराफाला परवडत नाही. एका महिन्याच्या सवलतीवरून मात्र असे अनुमान काढू नये, कारण पितृपक्षासारख्या मंद मागणीच्या काळातही भाव उतरतो.

आता साठ्याच्या आतली हालचाल पाहिली पाहिजे, कारण सामान्य वाचकाच्या लक्षात न येणारी सर्वांत मोठी चूक येथेच होते. समजा एका गृहिणीने ४० ग्रॅमच्या जुन्या बांगड्या सराफाकडे मोडीत दिल्या. बांगड्या २२ कॅरटच्या, म्हणजे शेकडा ९१.६ शुद्ध, असे घरात समजले जात होते, पण गाळल्यावर त्या शेकडा ८८ भरल्या, म्हणून शुद्ध सोने निघाले ३५.२ ग्रॅम. तिने ५० ग्रॅमचा २२ कॅरटचा हार घेतला, त्यात शुद्ध सोने ४५.८ ग्रॅम. सराफाच्या वहीत ५० ग्रॅमची विक्री नोंदली गेली, ग्राहकाच्या मनात दहा ग्रॅमची भर पडली, आणि देशाच्या घरगुती साठ्यात प्रत्यक्षात १०.६ ग्रॅम शुद्ध सोन्याची भर पडली. दागिन्यांच्या एकूण विक्रीवरून साठा काढणारा अभ्यासक येथे जवळजवळ पाचपट चुकतो. म्हणूनच जुने देऊन नवे घेण्याचे प्रमाण नीट कळल्याशिवाय विक्रीचे आकडे कितीही अचूक असले तरी उपयोगी पडत नाहीत.

हे प्रमाण कळण्यात एक खास अडथळा आहे, आणि त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. जुने दागिने गाळून शुद्ध करणाऱ्या धंद्याला गलाई म्हणतात, आणि सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी आणि आसपासच्या दुष्काळी टापूतून गेलेले मराठी गलाई व्यावसायिक आज भारतातील असंख्य शहरांच्या सराफ बाजारांत पिढ्यानपिढ्या काम करीत आहेत. लहानशा भट्टीवर, तेजाबाच्या साहाय्याने, दिवसाकाठी काही शे ग्रॅम माल गाळून तो त्याच गल्लीतल्या सराफाला परत दिला जातो. मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांची आकडेवारी मिळते, पण या भट्ट्यांची मिळत नाही, आणि मोडीच्या सोन्याचा मोठा भाग तर येथूनच फिरतो. या व्यावसायिकांच्या अनुभवाला, म्हणजे कोणत्या प्रदेशातील कोणत्या पिढीचे दागिने किती कसाचे भरतात या त्यांच्या ज्ञानाला, अर्थशास्त्रीय अभ्यासांत जेवढे स्थान मिळायला हवे होते तेवढे मिळालेले नाही, ही खेदाची बाब आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झालेले हॉलमार्क आणि त्यासोबतचा सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांक यांमुळे नव्या दागिन्यांची नोंद सुधारेल, पण दागिना गाळला की क्रमांकही संपतो, त्यामुळे एकूण क्रमांकांची बेरीज म्हणजे साठा नव्हे.

संचयाच्या पद्धतीला दुसरी बाजू देण्यासाठी घरोघरी जाऊन विचारणारी पाहणी हा मार्ग उरतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कर्ज आणि गुंतवणूक सर्वेक्षणांत मालमत्तेची विचारणा होते, आणि त्याच आधारे तरुण रामादोराई यांच्या अध्यक्षतेखालील घरगुती वित्तविषयक समितीने २०१७ मध्ये असे मांडले की सरासरी भारतीय कुटुंबाच्या संपत्तीत सोन्याचा वाटा सुमारे ११ टक्के आहे, तर वित्तीय मालमत्तेचा केवळ ५ टक्के. वाटा कळण्यासाठी अशी पाहणी उपयुक्त आहे, पण एकूण वजनासाठी ती कमी पडते. अनोळखी पाहणी-अधिकाऱ्यासमोर कपाटातले सोने कोणी पुरते सांगत नाही, सासूचे, सुनेचे आणि माहेरचे स्त्रीधन यांची एकत्र बेरीज कुटुंबप्रमुखालाही ठाऊक नसते, आणि ज्यांच्याकडे सर्वाधिक सोने आहे अशी मूठभर श्रीमंत घरे नमुन्यात क्वचितच येतात. म्हणून पाहणीचे उत्तर बहुधा खऱ्या आकड्याच्या खाली राहते.

या दोन पद्धतींची टोके जुळवण्याचा एक सोपा उपाय दादाभाईंचाच आहे, तो म्हणजे भागाकार. २५,००० टन म्हणजे २,५०० कोटी ग्रॅम. ढोबळमानाने ३० कोटी कुटुंबे धरली तर घरटी सुमारे ८३ ग्रॅम शुद्ध सोने, म्हणजे २२ कॅरटच्या दागिन्यांत सुमारे ९१ ग्रॅम, आजच्या व्यवहारातले नऊ तोळे. ३४,६०० टन धरले तर हाच आकडा साडेबारा तोळ्यांवर जातो. देशातील कितीतरी घरांत एक मंगळसूत्र आणि कानातल्या कुड्या यांपलीकडे काही नसते, हे पाहता सरासरी जेवढी वर जाईल तेवढी वरच्या थरातले केंद्रीकरण अधिक मानावे लागते. प्राप्तिकर खात्याच्या १९९४ च्या सूचनेनुसार छाप्यात विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत असे आहे. ही बाळगण्याची मर्यादा नव्हे, केवळ जप्तीपुरती सवलत आहे, पण नवरा, बायको आणि एक अविवाहित मुलगी अशा घरात ती ८५० ग्रॅमपर्यंत पोहोचते. ज्या वर्गाच्या घरांवर छापे पडतात त्या वर्गात ती वाजवी मानली गेली, यावरून सरासरी आणि वास्तव वाटप यांतील अंतराची कल्पना येते.

धोरण आखणाऱ्यांना या आकड्याची गरज का भासते, याचे पहिले कारण परकीय चलन हे आहे. भारतात सोने जवळपास सर्व आयात होते, म्हणून घरात शिरणारा प्रत्येक तोळा डॉलर देऊन येतो. २०१२-१३ मध्ये चालू खात्यावरील तूट, म्हणजे वस्तू, सेवा आणि परदेशी उत्पन्न यांच्या व्यवहारांत देशाला कमी पडणारी रक्कम, सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.८ टक्के झाली आणि त्यात सोन्याच्या आयातीचा वाटा ५० अब्ज डॉलरहून अधिक होता. सरकारने २०१३ मध्ये शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर नेले आणि आयातीपैकी एक पंचमांश सोने निर्यातीसाठी राखण्याची अट घातली. अधिकृत आयात घटली, पण चोरटी आयात वाढली. जागतिक सुवर्ण परिषदेच्या अंदाजाने ती त्या काळात वर्षाला सुमारे २०० टनांपर्यंत गेली. येथे साठ्याच्या गणिताला एक विशेष वळण मिळते, कारण धोरणाने ज्या प्रवाहाला लगाम घातला तोच प्रवाह नोंदींतून निसटला आणि पुढच्या धोरणाचा पाया तेवढ्या प्रमाणात अधिक कच्चा झाला. शुल्क जेवढे चढते तेवढा घरगुती सोन्याचा अंदाज धूसर होतो, हा संबंध अर्थसंकल्पाच्या चर्चेत क्वचितच कोणी मांडतो. जुलै २०२४ मध्ये शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणले गेले, त्याचे एक समर्थन हेही होऊ शकते.

दुसरे कारण पतपुरवठ्याशी निगडित आहे. दागिने तारण ठेवून मिळणारे कर्ज हा शेतकरी आणि छोट्या व्यापाऱ्याचा हंगामातला आधार आहे, आणि तारणाच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यावे हे रिझर्व्ह बँक ठरवते. भाव चढता असताना तेच मंगळसूत्र अधिक कर्ज देते, आणि भाव कोसळला तर कर्जदार दागिना सोडवायला येत नाही आणि लिलाव वाढतात. येथे देशाचा एकूण साठा किती यापेक्षा गहाण पडलेला भाग किती आणि कोणाचा, हे कळणे अधिक मोलाचे आहे, आणि सुदैवाने तो भाग बँकांच्या आणि वित्तसंस्थांच्या वह्यांत नोंदलेला असतो.

तिसरे कारण सर्वांत मोहाचे आहे, आणि त्यानेच सर्वांत अधिक दिशाभूल केली आहे. हजारो टन सोने घरांत पडून असेल तर त्यातले थोडे बँकांत आणले तरी आयात कमी होईल, या तर्कावर १९६२ नंतर सुवर्णरोख्यांचे अनेक प्रयोग झाले, १९९९ मध्ये ठेव योजना आली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये सुवर्ण मुद्रीकरण योजना. या शेवटच्या योजनेत दागिना तपासून गाळला जाई, खडे काढून दिले जात, आणि मुदत संपल्यावर तो दागिना नव्हे तर सोने किंवा पैसे परत मिळत. दीर्घ मुदतीला व्याज अडीच टक्के. साठ्याचा आकडा पाहून योजना आखणाऱ्यांनी घरातल्या सोन्याला अडगळीतील धातू मानले, पण ज्या स्त्रीच्या अंगावर ते आहे तिच्या दृष्टीने ते रोजच्या वापरातले, तिच्या स्वतःच्या नावाचे आणि अडीअडचणीला एका दिवसात पैसा देणारे धन आहे, आणि अडीच टक्के व्याज ही त्याची किंमत होऊ शकत नाही. १९३० च्या दशकात सोने बाहेर आले ते वाढता भाव आणि दैन्य एकाच वेळी आल्यामुळे, आणि तशी परिस्थिती कोणतेही शहाणे सरकार योजना म्हणून निर्माण करणार नाही.

म्हणून या ग्रंथात घरगुती सोन्याचा एकच आकडा कोठेही दिलेला नाही. प्रत्येक ठिकाणी पट्टा दिला आहे, त्यामागचे चोरट्या आयातीचे आणि मोडीचे गृहीतक सांगितले आहे, आणि वजन ढोबळ की शुद्ध हे स्पष्ट केले आहे. वाचकाने वर्तमानपत्रात या विषयाचा पुढचा आकडा वाचताना हेच तीन प्रश्न विचारावेत, आणि चौथा असा की त्यातले किती सोने कोणत्या भावाला खरोखर हलेल. या चौथ्या प्रश्नाचे एक नोंदलेले उत्तर असे आहे : मुद्रीकरण योजनेत नोव्हेंबर २०२४ पर्यंतच्या नऊ वर्षांत सुमारे ३१ टन सोने जमा झाले, म्हणजे २५,००० टनांचा कमीतकमी अंदाज धरला तरी हजारात जेमतेम सव्वा भाग, आणि मार्च २०२५ मध्ये सरकारने तिच्यातील मध्यम आणि दीर्घ मुदतीच्या ठेवी बंद केल्या.